घोड्याला तीन टेम्पो

हरून आलो की नाना कधी 'का हरलास' असं विचारत नाहीत. 'काय ठेवलं होतंस?' असं विचारतात. म्हणजे सगळी मारामारी संपल्यावर राजा आणि प्याद्यांखेरीज जे एक मोहरं हातात उरलं, ते कुठलं. उंट की घोडा.

त्या रविवारी मी इंदूरच्याच एका खुल्या स्पर्धेत चौथ्या फेरीला हरलो आणि तिथून थेट रामबागेत नानांकडे गेलो. नाना ओट्यावर बसले होते, पुढ्यात शेव संपलेली आणि पोहे अर्धे राहिलेली बशी.

"काय ठेवलं होतंस?"

"घोडा."

"आणि समोरच्याकडे?"

"समोरची. उंट. पांढऱ्या घरांतला."

"प्यादी?"

"दोन्ही बाजूंना."

नानांनी बशी बाजूला सरकवली. "मग मला काय सांगायला आलायस भिया, मांड पट."

समोरची मुलगी दहा-अकरा वर्षांची होती. हे मुद्दाम सांगतो, कारण नाहीतर सांगायचं टाळतोय असं वाटेल. तिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. माझ्या वयाच्या माणसाला या स्पर्धांमध्ये आता अशीच मुलं समोर येतात. ती चाल लिहून मोकळी होतात आणि छताकडे बघत बसतात.

मी काळी मोहरी खेळत होतो. पटावर शेवटी जे उरलं ते सांगतो, म्हणजे ज्यांना मांडून बघायचंय त्यांना मांडता येईल. उभ्या फाईली ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याच्या बाजूनं एक ते आठ. तिचा राजा डी२ वर, उंट डी१ वर, प्यादी ए५, एफ४, जी३ आणि एच४. माझा राजा एच७ वर, घोडा सी६ वर, प्यादी ए६, एफ७, जी६ आणि एच५. चाराला चार प्यादी. एकेक वजिराच्या बाजूला, तीन-तीन राजाच्या बाजूला, मधे सगळं मोकळं मैदान. माझा घोडा तिच्या ए५ च्या प्याद्याकडे बघतोय आणि तिचा उंट आपल्या पहिल्याच रांगेत, सामान न उघडलेल्या पाहुण्यासारखा. मला वाटलं होतं, माझंच बरं चाललंय.

तिनं उंट एफ३ वर आणला. म्हणजे माझ्या घोड्यावर तिरका नेम धरला. मी म्हटलं छान, घोडा तसाही हलवायचाय, तर फुकटचं प्यादं खाऊनच हलवू. घोड्यानं ए५ मारलं. तिनं एक सेकंदही न घालवता उंट डी५ वर ठेवला आणि छताकडे बघायला लागली.

ए५ वरच्या घोड्याला उडी मारायला चार घरं असतात: बी७, सी६, सी४, बी३. डी५ वरून उंट एका तिरक्या रेषेवर सी६ आणि बी७ बघतो, दुसऱ्या रेषेवर सी४ आणि बी३. चारही. घोड्याला कोणी हात लावलेला नाही, त्याच्यावर नेमसुद्धा नाही, आणि तरी तो जागचा हलू शकत नाही. शिवाय त्याच उंटाचा एक डोळा दुसऱ्या बाजूला माझ्या एफ७ वर आहे. म्हणून मला राजा जी७ वर आणावा लागला. मग तिचा राजा निघाला: सी३, बी४. माझाही राजा धावला: एफ६, ई७. ई५ वरून तिच्या उंटाला हुसकायला गेलो असतो, पण एफ४ च्या प्याद्यानं ते घर धरून ठेवलेलं. मी ई७ वर पोचलो तेव्हा तिच्या राजानं घोडा खाल्ला. मी डी६ वर जाऊन उंटाला हाकललं, तर तो जाता जाता एफ७ खाऊन गेला. मी राजा आडवा केला आणि हात पुढे केला. तिनं माझा हात हातात घेण्याआधी फ्रॉकला पुसला, ते मला जरा लागलं.

नानांना मी हे सगळं मांडून दाखवलं. ए५ खाण्याच्या चालीवर ते थांबतील, मला ओरडतील, असं वाटलं होतं. त्यांनी त्या चालीकडे फारसं लक्षच दिलं नाही.

"इथे घोडा डी४ वर न्यायला हवा होतास, मधे. कदाचित हरला असतास, पण एवढ्या लवकर नाही," एवढंच म्हणाले. आणि मग, "मागे जा. उंट कधी दिलास?"

तिथे खरी गोष्ट होती. वीसेक चाली आधी तिचा घोडा ई५ वर येऊन बसला होता. माझा काळ्या घरांतला उंट डी६ वर, घोडा सी६ वर. दोघंही त्याला मारू शकत होते. मी फार विचार न करता उंटानं मारला. तिनं डी४ च्या प्याद्यानं परत मारलं, मग मधली प्यादी आपसात खपली, हत्ती गेले, आणि ही मांडणी राहिली. मी उंट का दिला, तर मला घोडा आवडतो म्हणून. घोडा एका उडीत राजा आणि हत्ती दोघांवर बसतो, त्या आनंदासाठी मी लहानपणापासून खेळत आलोय. उंट मला नेहमी सरकारी माणूस वाटतो. आपल्या रेषेबाहेरचं काम नाही करणार.

"घोड्यानं मारला असतास तर?" नानांनी विचारलं.

तर तिचं प्यादं ई५ वर येऊन माझ्या उंटावर बसलं असतं, उंट एक घर मागे गेला असता, बस्स. पुढे तशीच मारामारी होऊन तिच्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि माझ्याकडे काळ्या घरांचा, असा शेवट आला असता. दोन उंट एकमेकांना आयुष्यात भेटत नाहीत, तिनं पांढरी घरं धरावीत, मी काळी. बहुतेक वेळा अशा डावात बरोबरी होते. चाराला चार प्याद्यांत तर फारच सोपी. म्हणजे मी हरलो ते ए५ खाऊन नाही; वीस चाली आधी, पटावर गर्दी असताना, जेव्हा मोकळं मैदान अजून दिसतही नव्हतं, तेव्हा.

आता मोकळ्या मैदानाबद्दल. घोड्याची अडीच घरं आपण सगळे लहानपणी शिकतो, पण अडीच घरं म्हणजे किती कमी हे कोणी शिकवत नाही. पट रिकामा असताना घोडा मधोमध असला तर त्याला आठ घरं मिळतात आणि कोपऱ्यात दोन. उंटाला मधे तेरा, आणि कोपऱ्यात टाकला तरी सात. हा झाला नुसता हिशोब. खरा फरक अंतराचा आहे. समजा घोडा बी६ वर उभा राहून वजिराच्या बाजूचं काहीतरी सांभाळतोय आणि अचानक जी६ वर आग लागली. बी६ वरून डी७, तिथून एफ८, तिथून जी६. तीन चाली. याहून लवकर पोचणारा रस्ता नाही. उंट डी५ सारख्या घरावर बसला असेल तर त्याला जावंच लागत नाही, बसल्या जागी दोन्हीकडे दिसतं.

नाना हे इंदुरी भाषेत, गावातल्या दोन ठिकाणांवरून सांगतात. "उंटाला राजवाड्यावरून पलासिया दिसतो. घोड्याला तीन टेम्पो बदलून जावं लागतं." ज्यांनी आपल्याकडचे ते जुने, धूर सोडणारे, गुडघे एकमेकांत अडकवून बसायचे टेम्पो पाहिलेत त्यांना यातला त्रास कळेल. गंमत म्हणजे बुद्धिबळात एका चालीच्या वेळेला टेम्पोच म्हणतात. नानांनी हा श्लेष जाणून केला का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. केला असेल तर फार वर्षं जपून ठेवलाय.

पण लांबचं दिसणं ही अर्धीच बाब झाली. नानांनी माझ्या चार प्याद्यांवरून बोट फिरवलं. ए६, एफ७, जी६, एच५. "रंग बघ."

चारही पांढऱ्या घरांत. आणि तिचा उंट पांढऱ्या घरांचा. तिची स्वतःची चार, ए५, एफ४, जी३, एच४, सगळी काळ्या घरांत, म्हणजे तिच्या उंटाच्या वाटेत एकही येत नव्हतं. मी एकेक प्यादं कधी पुढे ढकललं होतं तेही आठवत नव्हतं. एच५ तिला अडवायला, जी६ एच५ ला आधार द्यायला, ए६ उगाच. प्रत्येक वेळी काहीतरी कारण होतं. समोर उंट असताना आपली प्यादी त्याच्या रंगावर जखडली गेली, की प्रत्येक प्यादं म्हणजे एक उघडं दार. मग घोडा योद्धा राहत नाही, चौकीदार होतो.

यानंतर नाना आत गेले आणि त्यांची वही घेऊन आले. निळ्या कव्हरची, हाताने उतरवलेल्या डावांची. त्यातला एक डाव त्यांनी माझ्यासमोर आधीही मांडलाय, पण तेव्हा मी चहा पीत होतो. १९७१ साली कॅनडात व्हँकुव्हरला बॉबी फिशर आणि मार्क ताइमानोव यांचा जागतिक विजेतेपदाच्या आव्हानवीरांच्या फेरीतला सामना झाला. फिशरनं तो सहा-शून्यनं जिंकला, आणि हा त्यातला चौथा डाव. ताइमानोव उत्तम पियानोवादकही होता, जाहीर कार्यक्रम करणारा. अशा माणसाच्या हातून घोडा कसा अवघडून जातो, ते या डावात दिसतं.

फिशरकडे पांढरी मोहरी आणि उंट, ताइमानोवकडे काळी आणि घोडा; शिवाय दोघांकडे एकेक हत्तीही होता. फिशरनं घाई केली नाही. त्यानं आधी एच४ खेळून समोरच्याला एच५ खेळायला लावलं. मग हत्ती डी५ वर नेऊन पाचव्या रांगेतून त्या एच५ वर नेम धरला, तर ताइमानोवनं मधे एफ५ घातलं. थोड्या चालींनी जी६ आलं. एफ५, जी६, एच५: तिन्ही पांढऱ्या घरांत, आणि फिशरचा उंट पांढऱ्या घरांचा. नानांनी इथे माझ्याकडे नुसतं बघितलं. ही प्यादी आपोआप तिथे गेली नव्हती. त्यांना एकेक करून बोलावून आणलं होतं.

मग चव्वेचाळिसाव्या चालीला हत्तीला हत्ती. माझ्यासारखा माणूस म्हणेल, जोर असताना हत्ती कशाला द्यायचा? पण हत्ती असेपर्यंत काळ्याला मोकळ्या फाईली होत्या, घोड्याच्या मदतीला कोणीतरी होतं. हत्ती गेले आणि घोडा एकटा पडला. मांडणी अशी: पांढऱ्याचा राजा ई२, उंट बी५, प्यादी ए४, बी२, सी३ आणि एफ४, जी३, एच४. काळ्याचा राजा डी६, घोडा सी६, प्यादी ए५, बी६, सी५ आणि एफ५, जी६, एच५. सहाला सहा. एकही सुटं प्यादं नाही. कोणी दाखवलं तर आपण म्हणू, बरोबरी करा आणि जेवायला चला.

इथे एक गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. काळ्याची राजाच्या बाजूची प्यादी पांढऱ्या घरांत आहेत हे वाईट, कारण उंट त्यांना खाऊ शकतो. पण वजिराच्या बाजूची, ए५, बी६, सी५, ही काळ्या घरांत आहेत. उंट त्यांना हातसुद्धा लावू शकत नाही. मग ती तरी सुखरूप ना? नाहीत. कारण प्यादी काळ्या घरांत गेली की त्यांच्यामधली पांढरी घरं ओसाड पडतात, आणि फिशरचा राजा नेमका त्याच घरांवरून चढत गेला: डी३, सी४, बी५, ए६. चारही पांढरी. इकडे शिकार होती, तिकडे जिना होता. उंट शिकारीवर नेम धरून बसला आणि राजा जिना चढला.

जिना चढायला राजाला एकट्याला जमलं नसतं, वाटेत काळा राजा उभा होता. त्याला उंटानं मागे रेटलं. एफ७ वरून एक शह, ई८ वरून एक, सी६ वरून एक, मग एफ३ वरून एक. प्रत्येक शहाला काळा राजा थोडा इकडे तिकडे, आणि बहुतेक वेळी पांढरा राजा एक पायरी वर. आणि या सगळ्यात घोडा काय करतोय? ई७, सी८, परत ई७, जी८, परत ई७, सी६, परत ई७. जी६ चं प्यादं सांभाळायला त्याला ई७ वर यावंच लागतं. बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या माणसासारखा तो पाय मोकळे करायला उठतो आणि परत तिथेच येतो.

एकसष्टाव्या चालीला फिशरनं उंट ई८ वर ठेवला. पांढरा राजा ए६ वर, काळा राजा सी७ वर, घोडा ई७ वर. नाना म्हणाले, "आता काळ्याची चाल कर."

मी घोड्याला हात घातला. कुठेही नेला तरी उंट जी६ खातो. घोडा ठेवला. राजाला हात घातला. राजा बी६ चं प्यादं सांभाळतोय. तो हलला की ए६ वरचा राजा ते खातो. प्यादं हलवावं तर एकही चांगली चाल नाही. एफ५ समोर एफ४ उभं, एच५ समोर एच४, ए५ समोर ए४. काळ्यावर कोणतंही नवं संकट आलेलं नाही. फक्त त्याची पाळी आहे, आणि पाळी हेच संकट आहे. याला जर्मन भाषेतला झुगझ्वांग हा शब्द जगभर वापरतात. नाना म्हणतात 'चाल अंगावर येणं', आणि मला तो शब्द जास्त पटतो.

पण अशी वेळ नेहमी समोरच्यावरच का यावी? आपल्यावरही येऊ शकते की. इथे घोड्याचा एक जन्मजात दोष आहे, जो मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हता. घोडा प्रत्येक उडीत रंग बदलतो. पांढऱ्यावरून काळ्यावर, काळ्यावरून पांढऱ्यावर. म्हणून तो निघाल्या घरी परत यायचा म्हटला, तर सम चालींतच येणार: दोन, चार, सहा. विषम चालींत कधीच नाही. त्याला एक चाल गमावता येत नाही. उंटाचं तसं नाही. त्याला एफ७ वरून ई८ वर थेट जाता येतं, किंवा मधे कुठेतरी थांबून, वेळ काढून जाता येतं. सारखीच मांडणी, पण पाळी समोरच्याची, असं उंट घडवून आणू शकतो, घोडा नाही. अशा बारीक लढाईत, जिथे सगळं कोणाची पाळी यावर अडलेलं असतं, तिथे हे फार महाग पडतं. माझ्या लाडक्या घोड्याला थांबताच येत नाही, हे ऐकून मला जरा वाईट वाटलं. तो सतत कुठेतरी निघालेला.

ताइमानोवनं राजा डी८ वर नेला, निदान उंटावर नेम धरला. आणि फिशरनं उंट देऊनच टाकला. जी६ चं प्यादं खाल्लं, घोड्यानं उंट मारला, मग पांढऱ्या राजानं बी६ खाल्लं, पुढच्या चालीला सी५ खाल्लं. उंटाच्या बदल्यात तीन प्यादी. आता घोडा कुठे? जी६ वर, राजाच्या बाजूला. आणि पांढऱ्याची ए, बी, सी अशी तीन प्यादी कुठे निघाली? दुसऱ्या टोकाला. तिकडे एफ४ च्या प्याद्याला हात लावावा तर जी३ नं धरलेलं. घोडा धावला, ई७, सी८, डी६, पण बी आणि ए ची प्यादी राजाला हाताशी धरून निघाली होती. एकाहत्तराव्या चालीला ताइमानोवनं डाव सोडला. उंट पटावर नसतानाही त्यानंच तो डाव जिंकला होता. घोड्याला चुकीच्या टोकाला नेऊन सोडण्याची शेवटची कामगिरी त्यानं केली होती.

काकूंनी तेवढ्यात चहा आणला आणि पटाकडे बघून, "परत तोच?" असं विचारून गेल्या.

हे सगळं ऐकून मी अर्थातच म्हणालो, "म्हणजे नेहमी उंट ठेवायचा."

नाना चिडले. म्हणजे, कपात बिस्किट तुटून पडल्यावर माणूस चिडतो तितके. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. निवड मोहऱ्याची नसते, प्याद्यांची असते. ई५ वर मारताना मी दोन्ही मोहऱ्यांकडे बघितलं, प्याद्यांकडे बघितलंच नाही. प्यादी दोन्ही टोकांना राहणार आहेत का, आणि मधली निघून जाणार आहेत का? माझ्या डावात दोन्हींचं उत्तर हो होतं, आणि ते तेव्हाच दिसत होतं. मधे प्याद्यांची भिंत घट्ट उभी राहणार असती, तर गोष्ट उलटी होती. भिंतीवरून उंटाला पलीकडचं दिसत नाही आणि घोडा उडी मारून जातो. आणि भिंतीतली प्यादी आपल्याच उंटाच्या रंगावर बसली असतील, तर तो उंट म्हणजे एक मोठं प्यादंच समजायचं, फक्त वजीर न होणारं.

दुसरं, घोडा हातात राहिलाच तर काय करायचं? मी ए५ चं प्यादं 'खायला' गेलो. त्याऐवजी एका बाजूची प्यादी पटावरून घालवायला हवी होती, एकाला एक. माझं ए६ जाऊन तिचं ए५ गेलं असतं, तर राजाच्या बाजूला तीन-तीन उरली असती, चार फाईलींच्या आत. एवढ्याशा गल्लीत घोड्याला टेम्पो बदलावे लागत नाहीत, तो चालत फिरतो, आणि दोन्ही रंगांच्या घरांवर बसू शकतो. उंटाची अर्धी घरं मात्र जन्माची बंद. घोडेवाल्यानं जमेल तेवढा पट लहान करावा. मी उलट घोडा पार टोकाच्या ए फाईलवर नेऊन ठेवला होता, जिथे त्याला आठाऐवजी चारच घरं.

उंटाची आणखी एक खोड नानांनी जाता जाता सांगितली, ती इथे लिहून ठेवतो, कारण मला ती पुढच्याच महिन्यात उपयोगी पडली. फिशरचा काय, किंवा त्या मुलीचा काय, उंट पांढऱ्या घरांचा. एच८ हे घर काळं. सगळं संपून पांढऱ्याकडे उंट आणि फक्त एच फाईलचं प्यादं उरलं, आणि काळा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला, तर एक आख्खा उंट जास्त असूनही डाव बरोबरीत सुटतो. उंट त्या कोपऱ्यातून राजाला कधीच उठवू शकत नाही. ए फाईलचं प्यादं असतं तर ए८ पांढरं, तिथे उठवतो. म्हणून उंटवाल्यानं कुठली प्यादी देतोय ते मोजून द्यावीत. मी पुढे एका डावात मोहरं कमी असताना चिकाटीनं बाकीची सगळी प्यादी खपवली आणि राजा घेऊन कोपऱ्यात जाऊन बसलो. समोरचे गृहस्थ पंचवीस चाली माझ्याभोवती फिरत राहिले. मला पन्नास चाली थांबायची तयारी होती. त्यांनी आधीच हात पुढे केला.

त्या संध्याकाळी मात्र अंधार पडत आला होता आणि ओट्यावरचा दिवा लागला होता. नानांनी पट साफ केला. राजाच्या बाजूला एफ, जी, एच वर दोघांची तीन-तीन प्यादी मांडली, वजिराची बाजू रिकामी. एक उंट, एक घोडा. "निवड."

मी या वेळी पाच मिनिटं प्याद्यांकडे बघितलं. मग घोडा घेतला. नाना काही बोलले नाहीत, त्यांनी उंट घेतला. तीसेक चाली खेळलो. माझा घोडा एफ५ वर जाऊन बसला, त्याला कोणी उठवू शकलं नाही, पण मलाही काही मिळालं नाही. बरोबरी. घोड्याच्या बाजूनं खेळताना इतकं निवांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"परत मांड," नाना म्हणाले. मी तीन-तीन प्यादी परत लावली. मग त्यांनी डब्यातून आणखी दोन प्यादी काढली, ए फाईलवर एक त्यांचं, एक माझं, अशी समोरासमोर ठेवली, आणि पट गरकन फिरवला, तसा उंट माझ्याकडे आला.

"आता मी घोडा घेऊन निघतो," ते म्हणाले. "बघू, मला पलासियाला पोचू देतोस का."